‘डिफरंट दॅन’ला लाल रेघ मारण्यापूर्वी: शब्दकोश आणि प्रत्यक्ष वापर कसा पडताळावा

प्रश्न: मी नववी-दहावीला इंग्रजी शिकवते. एका विद्यार्थ्याने निबंधात ‘लाइफ इन अ व्हिलेज इज डिफरंट दॅन लाइफ इन अ सिटी’ असे लिहिले आणि मी ‘दॅन’ खोडून ‘फ्रॉम’ केले. त्याचे वडील म्हणतात की अमेरिकेत सगळे असेच लिहितात. आमच्या व्याकरणाच्या पुस्तकात फक्त ‘फ्रॉम’ दिले आहे, इंटरनेटवर शोधले तर दोन्ही भरपूर सापडतात. असा प्रयोग खरोखर चूक आहे की नाही, हे नक्की कसे ठरवायचे?

उत्तर:

आधी निर्णय सांगतो आणि मग तो कसा काढला ते सविस्तर मांडतो. ‘डिफरंट दॅन’ हा प्रयोग चूक नाही. तो प्रामुख्याने अमेरिकन इंग्रजीतला, तिथे प्रमाण मानला जाणारा प्रयोग आहे. मात्र तुमच्या विद्यार्थ्याच्या वाक्यात ‘दॅन’नंतर केवळ नामपद आले आहे आणि अशा जागी अमेरिकेतही ‘फ्रॉम’च अधिक लिहिले जाते. म्हणून ‘फ्रॉम’ सुचवणे योग्य होते, खोडून चूक ठरवणे योग्य नव्हते. हा फरक बारीक वाटेल, पण इंग्रजी मजकुराचे संपादन करताना माझे बहुतेक वाद याच फरकापाशी येऊन मिटतात.

शब्दकोश उघडण्यापूर्वी प्रश्न नीट मांडावा लागतो. ‘हे बरोबर आहे का’ या प्रश्नाला कोणताही शब्दकोश उत्तर देऊ शकत नाही, कारण त्या प्रश्नातच अर्धी माहिती असते. संशयास्पद वाक्य जसेच्या तसे समोर ठेवावे आणि वादाचा शब्द कोणता, त्याच्या आधी काय आहे, नंतर काय आहे हे पाहावे. ‘डिफरंट दॅन’च्या बाबतीत नंतर येणारा भागच निर्णायक आहे. ‘डिफरंट दॅन लाइफ इन अ सिटी’ यात नंतर नामपद आहे, तर ‘शी लुक्स डिफरंट दॅन आय एक्स्पेक्टेड’ यात नंतर कर्ता आणि क्रियापद असलेले आख्खे उपवाक्य आहे. इंग्रजीच्या दृष्टीने या दोन वेगळ्या रचना आहेत आणि त्यांचा निवाडा वेगवेगळा होऊ शकतो. दुसरी गोष्ट म्हणजे हा मजकूर कोणत्या इंग्रजीच्या मापाने मोजायचा आहे, ब्रिटिश की अमेरिकन, आणि तो औपचारिक आहे की बोलण्यातला. आपल्या शाळांमध्ये परंपरेने ब्रिटिश लेखनपद्धती शिकवली जाते, त्यामुळे ‘चूक’ म्हणताना आपल्या मनात नकळत तेच माप असते आणि ते आपण कधी बोलून दाखवत नाही.

आता शब्दकोशाकडे वळू. एकच शब्दकोश पुरत नाही, पण दहा लागतात असेही नाही. अशा प्रश्नाला मी दोन वेगळ्या जातींचे कोश घेतो. एक परभाषकांसाठी रचलेला कोश, म्हणजे ऑक्सफर्ड अ‍ॅडव्हान्स्ड लर्नर्स, केंब्रिज, लाँगमन किंवा कॉलिन्स कोबिल्ड यांपैकी कोणताही. दुसरा इंग्रजी मातृभाषा असणाऱ्यांच्या स्वतःच्या वापराचा मोठा कोश, अमेरिकन प्रयोगासाठी मेरियम-वेबस्टर आणि ब्रिटिश प्रयोगाचा इतिहास पाहायचा असेल तर मोठी ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी. पहिल्या जातीच्या कोशांचा फायदा असा, की शब्दामागे कोणते शब्दयोगी अव्यय येते, क्रियापदाला थेट कर्म लागते की नाही, प्रयोग ब्रिटिश आहे की अमेरिकन, हे सगळे त्यांत स्पष्ट लिहिलेले असते. इंग्रजी ज्यांची मातृभाषा आहे त्यांना या गोष्टी विचाराव्या लागत नाहीत, म्हणून मोठ्या कोशांत त्या कधीकधी केवळ उदाहरणांतून सूचित होतात.

बहुतेक लोक शब्दकोशात फक्त अर्थ वाचून थांबतात. वापराच्या प्रश्नात अर्थ सर्वांत कमी उपयोगाचा असतो. वाचायचे असते ते तीन ठिकाणी: अर्थाआधी कंसात किंवा तिरप्या अक्षरांत दिलेली खूण, अर्थाखालची उदाहरणे आणि नोंदीच्या शेवटी किंवा चौकटीत दिलेली वापरविषयक टीप. ‘डिफरंट’ची नोंद या नजरेने पाहा. ऑक्सफर्ड अ‍ॅडव्हान्स्ड लर्नर्समधली टीप सांगते, की ‘फ्रॉम’ हा ब्रिटिश आणि अमेरिकन दोन्ही इंग्रजींत सर्वाधिक वापरला जाणारा प्रयोग आहे, ब्रिटिश इंग्रजीत ‘टू’सुद्धा वापरतात आणि उत्तर अमेरिकेत ‘दॅन’. मेरियम-वेबस्टरची टीप याहून पुढे जाते. ‘डिफरंट दॅन’वर अनेकांनी टीका केली असली तरी तो सतराव्या शतकापासून नामवंत लेखकांच्या लेखनात आहे, तो प्रमाण आहे, आणि पुढे उपवाक्य येत असेल तर ‘फ्रॉम’चा हट्ट धरल्याने वाक्य लांबट आणि अवघड होते, असे ती सांगते. त्याचबरोबर नाम किंवा सर्वनाम येत असेल तर ‘फ्रॉम’ अधिक रूढ आणि एकंदरीत निर्धोक आहे, हेही तीच टीप सांगते. विद्यार्थ्याच्या वडिलांनी या टिपेचा पहिला अर्धा भाग वाचला असावा. तुमच्या पुस्तकात दुसऱ्या अर्ध्या भागाचा निष्कर्ष आहे. टीप पूर्ण वाचली तर दोघांच्याही म्हणण्यातला खरा भाग हाती लागतो.

शब्दकोशातल्या खुणा वाचताना एक भेद कायम लक्षात ठेवावा लागतो. ‘अमेरिकन’, ‘ब्रिटिश’, ‘अनौपचारिक’, ‘जुनाट’ या खुणा म्हणजे चूक असल्याचा शिक्का नव्हे. तो प्रयोग कुठे आणि केव्हा चालतो याची ती माहिती असते. ‘अप्रमाण’ ही खूण मात्र वेगळी आहे. ती असेल तर सुशिक्षित लिखाणात तो प्रयोग दोष मानला जातो, असे कोशकार सांगत असतो. ‘डिफरंट दॅन’ला चांगल्या कोशांत ‘अप्रमाण’ची खूण मिळत नाही. इथेच खरे तर ‘चूक’ हा शब्द मागे घ्यावा लागतो.

शब्दकोश वाचताना होणारे दोन घोटाळेही सांगतो. मेरियम-वेबस्टरमध्ये अर्थ कालक्रमाने लावलेले असतात, म्हणजे पहिला अर्थ सर्वांत जुना असतो, सर्वांत रूढ असेलच असे नाही. त्यामुळे ‘पहिला अर्थ हाच खरा अर्थ’ असे समजणारा माणूस हमखास फसतो. दुसरा घोटाळा मौनाचा. एखादा प्रयोग खिशात मावणाऱ्या छोट्या कोशात नसेल, तर त्यातून फक्त जागा कमी होती एवढेच सिद्ध होते. मोठ्या कोशाचे मौन जास्त अर्थपूर्ण असते, पण तेही पुरावा म्हणून एकटे उभे राहू शकत नाही.

या टप्प्यावर अनेक जाणकार शिक्षक एक युक्तिवाद करतात आणि तो वरवर बिनतोड वाटतो. ‘डिफर’ या क्रियापदाला ‘फ्रॉम’ लागते, ‘डिफर दॅन’ असे कोणी म्हणत नाही, म्हणून त्यापासून बनलेल्या ‘डिफरंट’लाही ‘फ्रॉम’च लागले पाहिजे. पण इंग्रजी साधित शब्द मूळ क्रियापदाचे अव्यय पाळतातच असे नाही. ‘अकॉर्ड’ला ‘विथ’ लागते, तरी ‘अकॉर्डिंग’ला ‘टू’ लागते, आणि त्याला कोणी चूक म्हणत नाही. हा युक्तिवाद ‘डिफरंट टू’विरुद्धही वापरला जात असे. 1926 साली फाउलर या काटेकोर ब्रिटिश भाषाभ्यासकाने आपल्या प्रसिद्ध वापरकोशात, ‘डिफरंट’नंतर फक्त ‘फ्रॉम’च येऊ शकते ही समजूत म्हणजे अंधश्रद्धा आहे, असे लिहिले. ‘टू’चा प्रयोग तर सोळाव्या शतकापासून नोंदलेला आहे. तर्काने ‘असे असायला हवे’ इतकेच कळते. लोक आणि चांगले लेखक प्रत्यक्षात काय लिहितात, ते तपासूनच पाहावे लागते. शब्दकोशही शेवटी तेच तपासून लिहिलेला असतो. मोठी ऑक्सफर्ड डिक्शनरी स्वयंसेवी वाचकांनी पुस्तकांतून उतरवून पाठवलेल्या वाक्यांच्या चिठ्ठ्यांवर उभी राहिली, आणि 1987चा कॉलिन्स कोबिल्ड हा कोश बर्मिंगहॅम विद्यापीठात संगणकावर साठवलेल्या मजकुराच्या आधारे रचला गेला.

तसा मजकूर आज आपणही पाहू शकतो. अशा साठवलेल्या आणि शोधता येणाऱ्या मजकूरसंग्रहाला कॉर्पस म्हणतात. शिक्षकाला उपयोगी असे तीन कॉर्पस english-corpora.org या एकाच संकेतस्थळावर आहेत. ब्रिटिश नॅशनल कॉर्पसमध्ये सुमारे 10 कोटी शब्द आहेत, त्यांतला सुमारे 90 टक्के मजकूर लिखित आणि उरलेला बोलण्यातला आहे, आणि तो विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातला आहे. कॉर्पस ऑफ काँटेम्पररी अमेरिकन इंग्लिश म्हणजे कोका, त्यात 1990 ते 2019 या काळातले 100 कोटींहून अधिक शब्द आहेत आणि ते बोलणे, कथा-कादंबऱ्या, मासिके, वृत्तपत्रे, शोधनिबंध, चित्रपट-मालिकांचे संवाद, ब्लॉग आणि इतर वेबपाने अशा आठ विभागांत वाटलेले आहेत. तिसरा ग्लोवबी, वीस देशांतल्या वेबपानांचा, सुमारे 190 कोटी शब्दांचा. त्यात भारताचा स्वतंत्र विभाग आहे. हे तिन्ही नोंदणी करून विनामूल्य वापरता येतात, मात्र दिवसाला किती शोध घेता येतात यावर मर्यादा असते.

कोकाच्या शोधखिडकीत ‘चार्ट’ हा पर्याय निवडून पुढील शोध एकेक करून टाकावेत:

```
different from
different than
different to
```

प्रत्येक शोधाला विभागवार आणि कालखंडवार आकडे मिळतात. त्यांत दोन प्रकारचे आकडे असतात: एकूण किती वेळा आढळले आणि दर 10 लाख शब्दांमागे किती वेळा आढळले. तुलना नेहमी दुसऱ्या आकड्याने करायची. समजा एखादा प्रयोग ब्रिटिश कॉर्पसमध्ये 500 वेळा आणि कोकामध्येही 500 वेळा सापडला. एकूण आकडा सारखा दिसतो, पण 10 कोटी शब्दांत 500 म्हणजे दर दहा लाखांमागे 5, आणि 100 कोटींत 500 म्हणजे केवळ 0.5. म्हणजे ब्रिटिश मजकुरात तो दहापट अधिक रूढ आहे. हा हिशेब न करता वाद घालणारे दोन्ही बाजूंना भेटतात.

चित्र काय दिसते ते सांगतो. कोकामध्ये ‘फ्रॉम’ सर्वांत पुढे आहे, त्यानंतर ‘दॅन’ आणि ‘टू’ बराच मागे. ‘दॅन’चे प्रमाण बोलण्याच्या विभागात जास्त आणि शोधनिबंधांत कमी आहे. ब्रिटिश कॉर्पसमध्येही ‘फ्रॉम’ पहिला आहे, पण दुसरी जागा ‘टू’ची आहे, तो बोलण्यात विशेष दिसतो, आणि ‘दॅन’ तिथे विरळ आहे. शब्दकोशांच्या टिपांत जे वाचले तेच इथे आकड्यांत दिसले. दोन स्वतंत्र मार्गांनी एकच उत्तर येणे ही खात्रीची मोठी खूण असते. ती मिळाली नाही, तर आपला शोध कुठेतरी चुकला आहे असे मी आधी मानतो आणि शब्दकोश चुकला असे नंतर.

पण नुसते आकडे पाहून थांबणे धोक्याचे आहे, कारण संगणक दोन शब्द शेजारी आहेत एवढेच पाहतो. ‘डिफरंट टू’ शोधल्यावर ‘समथिंग डिफरंट टू डू’ आणि ‘इट फील्स डिफरंट टू वर्क अलोन’ अशीही वाक्ये मोजली जातात. त्यांत ‘टू’ हे क्रियापदाच्या आधीचे ‘टू’ आहे, तुलनेचे नव्हे, आणि त्यांचा आपल्या प्रश्नाशी संबंध नाही. म्हणून आकड्यावर टिचकी मारून खालच्या ओळी उघडायच्या. प्रत्येक ओळीत शोधलेला शब्द मध्यभागी आणि दोन्ही बाजूंना थोडा मजकूर असतो. शंभर ओळींचा नमुना घेऊन त्या ओळी प्रत्यक्ष वाचाव्यात आणि असंबद्ध ओळी बाजूला काढाव्यात. शंभरांतल्या तीस असंबद्ध निघाल्या, तर मूळ आकड्यातलाही तेवढाच भाग वजा धरायचा. हे काम वीस-पंचवीस मिनिटांचे आहे आणि याला पर्याय नाही. उलट दिशेनेही गळती होते. ‘अ डिफरंट रिझल्ट दॅन द वन वी गॉट’ यासारख्या वाक्यांत मध्ये नाम आल्याने आपला शोध त्यांना पकडतच नाही.

ओळी वाचतानाच रचनेचा प्रश्न सोडवता येतो. उपवाक्य आणि नामपद वेगळे पाहायचे असतील तर शोध थोडा वाढवावा:

```
different than I
different from what I
different than the
different from the
```

पहिल्या दोन शोधांतून एकाच अर्थाच्या दोन रचना समोर येतात: ‘डिफरंट दॅन आय रिमेंबर्ड’ आणि ‘डिफरंट फ्रॉम व्हॉट आय रिमेंबर्ड’. उपवाक्य जोडायचे असेल तर ‘फ्रॉम’ला सहसा मध्ये ‘व्हॉट’, ‘हाउ’ किंवा ‘द वे’ असा टेकू घ्यावा लागतो, ‘दॅन’ला लागत नाही. अमेरिकन लेखक ‘दॅन’ का पसंत करतात, याचे कारण इथे उघड होते: तिथे तो वाक्य सोपे करतो. ‘डिफरंटली’ या क्रियाविशेषणापाशी हे अधिकच जाणवते. ‘द सिस्टिम वर्क्स डिफरंटली दॅन इट डिड लास्ट इयर’ हे वाक्य ‘फ्रॉम’ घालून लिहून पाहिले तर वाक्याची ओढाताण स्पष्ट दिसेल. शेवटचे दोन शोध नामपदाचे आहेत आणि तिथे पारडे ‘फ्रॉम’कडे झुकते.

ओळ कोणाच्या लेखणीतून आली आहे, हेही पाहायचे. कॉर्पसमध्ये चुका असतात, कारण माणसे चुका करतात. कादंबरीतल्या अशिक्षित पात्राचे बोलणे, मालिकेतला संवाद, घाईने लिहिलेली टिप्पणी आणि संपादकाच्या नजरेखालून गेलेला वृत्तपत्रातला लेख या सर्वांना संगणक सारखेच वजन देतो. निवाडा करताना मी संपादित गद्याला, म्हणजे वृत्तपत्रे, मासिके आणि शोधनिबंधांना, जास्त वजन देतो. एखादा प्रयोग फक्त संवादांत आणि वेबपानांत दिसत असेल आणि संपादित गद्यात जवळजवळ नसेल, तर त्याला अनौपचारिक म्हणावे. तिथेही बऱ्यापैकी दिसत असेल, तर तो प्रमाण आहे हे मान्य करावे. ‘डिफरंट दॅन’ अमेरिकन वृत्तपत्रांत आणि मासिकांत नियमित आढळतो. म्हणून वडिलांचे ‘सगळे असेच लिहितात’ हे म्हणणे अतिशयोक्त आहे, पण ‘अमेरिकेत असे लिहितात’ एवढे खरे आहे.

हीच पद्धत उलट निकालही देते, हे दाखवणे मला आवश्यक वाटते. नाहीतर शोधले की सगळेच बरोबर ठरते असा समज होईल. आपल्याकडचे फार परिचित उदाहरण ‘डिस्कस अबाउट’चे आहे. ‘वी डिस्कस्ड अबाउट द प्रॉब्लेम’ असे वाक्य महाराष्ट्रातल्या कोणत्याही कार्यालयाच्या इतिवृत्तात सापडेल. आपण मराठीत ‘प्रश्नाविषयी चर्चा केली’ म्हणतो, शिवाय इंग्रजीतच ‘टॉक अबाउट’ आणि ‘डिस्कशन अबाउट’ बरोबर आहेत, त्यामुळे ‘अबाउट’ आपसूक येतो. आता कोश पाहा. ‘डिस्कस’ला परभाषकांच्या सर्व मोठ्या कोशांत सकर्मक क्रियापदाची खूण आहे, म्हणजे कर्म थेट येते, आणि ऑक्सफर्ड अ‍ॅडव्हान्स्ड लर्नर्समध्ये ‘डिस्कस अबाउट’ असे म्हणता येत नाही अशी स्वतंत्र सूचनाच दिलेली आहे. ‘डिफरंट’च्या टिपेत प्रदेशांची वाटणी होती, इथे तशी वाटणी नाही, सरळ निषेध आहे.

मग कॉर्पस उघडावा:

```
discuss about
discussed about
```

कोकामध्येही काही ओळी मिळतात आणि घाई करणारा माणूस तिथेच ‘सापडले’ म्हणून थांबतो. ओळी वाचल्या तर त्यांत ‘डिस्कस अबाउट ट्वेंटी केसेस’ यासारख्या ओळी दिसतात, जिथे ‘अबाउट’ म्हणजे ‘सुमारे’ आणि कर्म थेटच आलेले आहे. काही ठिकाणी ‘द थिंग्ज वी डिस्कस्ड अबाउट हिज फॅमिली’ अशी रचना असते. तिथे चर्चेचे कर्म ‘थिंग्ज’ आहे आणि ‘अबाउट’चा संबंध त्याच्याशी आहे. काही ओळी मुलाखतीतल्या अडखळत्या बोलण्यातल्या असतात. हे सगळे वजा केले, की संपादित ब्रिटिश आणि अमेरिकन गद्यात या प्रयोगाला जवळपास काहीच आधार उरत नाही. दुसरीकडे ‘डिस्कस’नंतर थेट कर्म असलेली वाक्ये प्रचंड संख्येने आहेत. कोश आणि प्रत्यक्ष वापर दोन्ही एकाच बाजूला उभे आहेत, तेव्हा इथे लाल रेघ निःशंकपणे मारावी.

याच ठिकाणी एक खरा कठीण प्रश्न येतो आणि तो टाळू नये. ग्लोवबीमध्ये हाच शोध घेतला, तर आशिया आणि आफ्रिकेतल्या देशांच्या विभागांत ‘डिस्कस अबाउट’ ब्रिटन-अमेरिकेपेक्षा स्पष्टपणे अधिक दिसतो. मग तो भारतीय इंग्रजीचा स्वतःचा प्रयोग का मानू नये? भारतीय इंग्रजीला स्वतःचे प्रयोग असू शकतात, हे मी मनापासून मानतो. ‘प्रीपोन’ हा शब्द आपल्याकडे सर्रास चालतो आणि ऑक्सफर्डनेही तो नोंदवला आहे. पण एखादा प्रयोग वारंवार होणे आणि तो त्या समाजाने प्रमाण म्हणून स्वीकारणे या वेगळ्या गोष्टी आहेत. भारतातली चांगली संपादित इंग्रजी वृत्तपत्रे ‘प्रीपोन’ निःसंकोच छापतात, परंतु ‘डिस्कस अबाउट’ मात्र त्यांचे संपादक दिसला की काढतात. आपल्याच संपादकांचा हा व्यवहार मला निर्णायक वाटतो. उद्या तो बदलला, तर माझा निर्णयही बदलेल.

इंटरनेटवर दोन्ही भरपूर सापडतात असे तुम्ही लिहिले आहे, म्हणून साध्या गूगल शोधाविषयी सावध करतो. निकालांच्या संख्येचा जो आकडा कधीकधी दिसतो तो अंदाज असतो, मोजणी नव्हे. त्यात कोणी लिहिले, कोणत्या देशात, संपादन झाले की नाही, यातले काहीच कळत नाही, आणि शोधयंत्र विरामचिन्हांकडे दुर्लक्ष करत असल्याने दोन वाक्यांच्या सीमेवरचे शब्दही एकत्र येतात. शिवाय ‘डिफरंट दॅन बरोबर आहे का’ असे विचारणारी पानेही त्याच निकालांत असतात. त्यापेक्षा गूगल बुक्स एनग्रॅम व्ह्यूअर बरा, कारण तो छापील पुस्तकांवर आधारलेला आहे आणि ब्रिटिश व अमेरिकन पुस्तके वेगळी निवडता येतात. स्वल्पविराम देऊन तीनही प्रयोग एकाच वेळी टाकले, की दोन शतकांहून अधिक काळाचा आलेख दिसतो:

```
different from,different than,different to
```

अमेरिकन संग्रह निवडून ‘दॅन’ची रेघ आणि ब्रिटिश संग्रह निवडून ‘टू’ची रेघ पाहिली, तर दोन देशांचा फरक विद्यार्थ्यांनाही चटकन समजेल. पण आलेखातून ओळ वाचता येत नाही, म्हणून वर सांगितलेली असंबद्ध वाक्ये वजा करण्याची सोय तिथे नाही. दिशा समजून घेण्यासाठी तो वापरावा, निर्णय त्यावर सोपवू नये.

आता तुमच्या समोरच्या वहीविषयी. निबंधात मी ‘दॅन’खाली साधी रेघ ओढली असती आणि समासात लिहिले असते, की अमेरिकन इंग्रजीत हे चालते, आपण ब्रिटिश पद्धत शिकतो आणि नामाआधी दोन्हीकडे ‘फ्रॉम’ अधिक रूढ आहे, म्हणून परीक्षेत ‘फ्रॉम’ लिही. गुण कापले नसते. हा नियम पुढच्या निबंधांनाही सारखाच लावावा लागतो. एखाद्याने ‘डिफरंट टू’ लिहिले तर त्यालाही हात लावता येणार नाही, कारण ब्रिटिश माप लावायचे ठरवले तर तो त्या मापात पूर्णपणे बसतो. रिकाम्या जागेत शब्दयोगी अव्यय भरण्याचा प्रश्न मात्र अधिक अवघड आहे. तिथे ‘डिफरंट’पुढे जागा सोडली आणि उत्तरपत्रिकेत केवळ ‘फ्रॉम’ ग्राह्य धरले, तर ‘टू’ लिहिणाऱ्या मुलावर अन्याय होतो. माझ्या मते हा दोष प्रश्न काढणाऱ्याचा आहे. ज्या शब्दाला एकाहून अधिक प्रमाण अव्यये लागतात, तो शब्द अशा प्रश्नासाठी निवडूच नये. ‘डिपेंड’ किंवा ‘कन्सिस्ट’ यासारखे शब्द उपलब्ध असताना त्याची गरजही नसते.

एक काम मी प्रत्येक निर्णयानंतर करतो आणि तुम्हीही करावे असे सुचवतो. वाक्य, पाहिलेले कोश, शोधलेले शब्द, काढलेला निष्कर्ष आणि तारीख हे सगळे एका वहीत लिहून ठेवावे. तारखेचे कारण असे, की निर्णय जुने होतात. ‘आशा आहे की’ या अर्थाने वाक्याच्या सुरुवातीला येणारे ‘होपफुली’ अमेरिकेतल्या असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेच्या शैलीपुस्तिकेने वर्षानुवर्षे नाकारले आणि 2012 साली स्वीकारले. संख्येसाठी ‘मोअर दॅन’ऐवजी ‘ओव्हर’ वापरण्यावरची बंदी तिने 2014 साली उठवली. 2010 साली या दोन्हींना दोष देणारा संपादक त्या पुस्तिकेप्रमाणे बरोबर होता आणि 2015 साली तोच संपादक जुन्या माहितीवर काम करत होता. शाळेच्या कपाटातला शब्दकोश कोणत्या वर्षीच्या आवृत्तीचा आहे, हे त्याच्या शीर्षकपानामागे छापलेले असते. निर्णयाच्या नोंदीत ते वर्षही लिहावे, आणि कोश वीस वर्षांहून जुना असेल तर त्याच कोशाची ऑनलाइन नोंद पाहिल्याशिवाय लाल शाईचे पेन हातात घेऊ नये.